ईदचा माल आणि पंचेचाळीस दिवस

मिरजेत अब्बांचे कपड्याचे दुकान आहे. समोर किरकोळ विक्री, मागच्या खोलीत घाऊक. जत, कवठेमहांकाळ, तासगाव या भागातले छोटे दुकानदार आणि आठवडे बाजारात पाल टाकणारे विक्रेते मागच्या खोलीतून माल नेतात. समोरच्या गिऱ्हाइकाकडून रोख मिळते, मागच्या खोलीतली विक्री बहुतेक उधारीची. तीस वर्षे हे असेच चालले आहे. मी सांगलीत एका कर सल्लागारांच्या कार्यालयात हिशेबाचे काम करते आणि घरच्या दुकानाची वहीही माझ्याकडेच असते. त्यामुळे २०२४ च्या रमजानमध्ये जे घडले, ते मला आकड्यांसह माहीत आहे. अब्बांच्या परवानगीने ते लिहीत आहे. आपल्या अनेक घरांतून असाच व्यापार चालतो आणि असाच प्रसंग कुणावरही येऊ शकतो.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. अब्बांनी दुकानासाठी व्याजाचे कर्ज कधी घेतले नाही. हा त्यांचा सुरुवातीपासूनचा निर्णय आहे. दुकान चालते ते दोन पैशांवर. एक स्वतःचे भांडवल आणि दुसरे माल पाठवणाऱ्यांनी दिलेली मुदत. सुरतेचे, अहमदाबादचे, उल्हासनगरचे व्यापारी माल आधी पाठवतात आणि साधारण पंचेचाळीस दिवसांनी पैसे घेतात. अब्बा नेहमी म्हणत, "बाजारात माझ्या शब्दाला किंमत आहे, मला बँक कशाला हवी?" शब्दाला किंमत होती हे खरेच. पण शब्दावर मिळालेल्या मालाचीही एक तारीख असते आणि त्या तारखेला शब्द चालत नाही, पैसाच लागतो.

त्या वर्षी जानेवारीत उल्हासनगरच्या एका जीन्स बनवणाऱ्या शेठजींचा फोन आला. त्यांचा स्वतःचा छोटा कारखाना आहे. अब्बा दहा वर्षे त्यांच्याकडून माल घेत होते, पण एका वेळी दोन-अडीच लाखांचा. शेठजी म्हणाले की ईदचा सगळा माल एकदम उचलला तर नगामागे पंधरा रुपये कमी लावीन. चारशे पासष्टचा नग साडेचारशेला. दोन हजार नग घेतले तर सरळ तीस हजारांचा फायदा. मागच्या ईदला शेवटच्या आठवड्यात जीन्स संपून गेली होती आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतले होते, तेही अब्बांच्या मनात होतेच. त्यांनी होकार दिला. १२ फेब्रुवारीला ट्रान्सपोर्टने चारशे सेट आले. एका सेटमध्ये पाच नग, कंबर २८ ते ३६. बिल नऊ लाखांचे. मुदत पंचेचाळीस दिवस. म्हणजे २८ मार्च.

रमजानचा पहिला रोजा १२ मार्चला होता आणि ईद ११ एप्रिलला आली. तारखा शेजारी शेजारी लिहिल्या की अडचण लगेच दिसते. पैसे द्यायचा दिवस ईदच्या चौदा दिवस आधीचा होता. आपल्याकडे ईदची खरेदी कधी होते हे वाचकांना वेगळे सांगायला नको. पहिल्या दहा रोजांत शिवायचे कापड जाते, दुसऱ्या दहात लहान मुलांचे कपडे हलू लागतात आणि तयार जीन्स, शर्ट यांची खरी गर्दी शेवटच्या दहा दिवसांत, चाँदरातीपर्यंत होते. ज्या मालाचा पैसा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गल्ल्यात यायचा, त्याचे देणे मार्चमध्येच उभे राहिले.

२५ मार्चला शेठजींचा फोन आला. त्यांच्याकडे अब्बांचा पुढच्या तारखेचा चेक होता. त्यांनी साधेच विचारले, "भाई, अठ्ठावीसला चेक टाकतोय. चालेल ना?" अब्बांनी नेहमीच्या सवयीने "टाका" म्हणायला तोंड उघडले आणि थांबले. "शेठजी, संध्याकाळी सांगतो," म्हणाले. त्या दिवशी इफ्तारनंतर त्यांनी मला वही घेऊन बसायला सांगितले.

मी प्रथम त्या जीन्सचाच हिशेब काढला. दोन हजारांपैकी हजार नग गेले होते. खरेदीच्या भावाने साडेचार लाखांचा माल. त्यातला दोन लाखांचा माल रोखीने गेला होता. उरलेला अडीच लाखांचा माल गावोगावच्या दुकानदारांनी "ईदनंतर देतो" म्हणून नेला होता. राहिलेले हजार नग, म्हणजे आणखी साडेचार लाख, मागच्या खोलीत रचलेले होते. नफ्याचे पैसे भाडे, दोन नोकरांचा पगार, त्यांचा ईदचा बोनस, जकात आणि घरखर्च यांत जात होते. तेव्हा या मालातून हातात असलेली रक्कम दोन लाख. त्याखेरीज दुकानाच्या खात्यात अडीअडचणीसाठी ठेवलेले दोन लाख. चार लाख हातात आणि नऊ लाखांचे देणे.

अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण बेटा, आपला धंदा तोट्यात तर नाही." आणि ते बरोबर होते. पंधरवड्यापूर्वीच मी जकातीचा कागद तयार केला होता. आमच्या घरी दरवर्षी रमजानच्या सुरुवातीला तो होतो. दुकानातल्या मालाची घाऊक भावाने किंमत, येणे, हातातली रोकड, यांची बेरीज आणि त्यातून देणे वजा. कोणते देणे किती वजा करायचे याबाबत उलेमांमध्ये तपशिलाचे मतभेद आहेत. आम्ही आमच्या मौलानांना विचारून व्यापारी देणी वजा करतो. त्या कागदावर निव्वळ रक्कम चौदा लाख आली होती आणि पस्तीस हजार जकात निघाली होती.

तोच कागद मी पुन्हा समोर ठेवला आणि आजचे आकडे भरले. दुकानात नेहमीचा माल पंधरा लाखांचा आणि उरलेली जीन्स साडेचार लाखांची, मिळून साडेएकोणीस. येणे नेहमीचे सहा लाख आणि जीन्सचे अडीच, मिळून साडेआठ. रोकड चार. एकूण बत्तीस लाख. देणे नेहमीचे नऊ आणि जीन्सचे नऊ, अठरा लाख. वजाबाकी केली की पुन्हा चौदाच. म्हणजे जकातीच्या कागदावर आम्ही होतो तिथेच होतो, एक रुपयाही कमी झाला नव्हता. फक्त आधी जिथे नऊ लाखांच्या देण्यासमोर दोन लाखांची रोकड होती, तिथे आता अठरा लाखांच्या देण्यासमोर चार लाखांची होती. बाकी सगळे भांडवल कापडाच्या गठ्ठ्यांत आणि दुसऱ्यांच्या दुकानांत अडकलेले होते. किती आहे हे जकातीचा कागद सांगतो. ते कधी हातात येईल हे त्यावर लिहिलेले नसते.

मग मी अब्बांना दिवसांचा हिशेब दाखवला. कार्यालयात आम्ही तो प्रत्येक व्यापाऱ्याचा करतो, पण घरच्या दुकानाचा कधी केला नव्हता, कारण अब्बांनी कधी मागितला नव्हता. आमच्या दुकानातून महिन्याला खरेदीच्या भावाने सहा लाखांचा माल जातो, म्हणजे दिवसाला वीस हजारांचा. आलेला माल विकला जाईपर्यंत सरासरी पंचाहत्तर दिवस जातात. निम्मा माल उधारीवर जातो आणि ती उधारी दोन महिन्यांनी वसूल होते, म्हणजे एकूण विक्रीवर सरासरी तीस दिवस. पंचाहत्तर आणि तीस, एकशे पाच. माल आल्यापासून त्याचा पैसा परत यायला इतके दिवस लागतात. पुरवठादार त्यातले पंचेचाळीस दिवस सांभाळतो. उरलेले साठ दिवस आपल्या पदरच्या पैशाने काढावे लागतात. दिवसाला वीस हजार या दराने साठ दिवसांचे बारा लाख होतात.

"आपले भांडवल चौदा लाख," मी म्हटले. "बारा लाख या साठ दिवसांत कायम गुंतलेले. मोकळे फक्त दोन. म्हणजे आपले दुकान महिन्याला सहाच्या जागी सात लाखांचा माल फिरवू शकते. त्यापुढे नाही."

अब्बांना हे पटायला वेळ लागला. त्यांचे म्हणणे असे की पुरवठादार जितका माल देईल तितका धंदा वाढवता येतो, पैसे तर नंतरच द्यायचे असतात. पण पंचेचाळीस दिवसांची मुदत एकशे पाच दिवसांना पुरत नाही. जितका माल जास्त, तितकी साठ दिवसांची ही दरी रुंद होते आणि ती भरायला स्वतःचाच पैसा लागतो. उधारीवर मिळणाऱ्या मालाला वरून मर्यादा दिसत नाही, पण ती असते. ती पुरवठादार ठरवत नाही. ती आपले भांडवल आणि आपले दिवस मिळून ठरवतात.

बँकेचे कॅश क्रेडिट घेणाऱ्यांची मर्यादाही शेवटी याच हिशेबाने ठरते, म्हणून तेही इथे सांगते. बँक दर महिन्याला मालाचा तक्ता मागते. दुकानातला माल आणि नव्वद दिवसांच्या आतले येणे यांची बेरीज करते, त्यातून पुरवठादारांचे देणे वजा करते आणि उरलेल्यातून आपला हिस्सा म्हणून साधारण पंचवीस टक्के बाजूला काढते. टक्केवारी बँकेनुसार बदलते. जे उरते तेवढेच पैसे खात्यातून उचलता येतात, मंजूर मर्यादा कितीही असो. आमचे आकडे त्यात घातले तर गंमत दिसते. जीन्स येण्यापूर्वी पंधरा आणि सहा, एकवीस, त्यातून नऊ गेले की बारा, आणि पंचवीस टक्के काढले की नऊ लाख. जीन्स आल्यानंतर २५ मार्चला साडेएकोणीस आणि साडेआठ, अठ्ठावीस, त्यातून अठरा गेले की दहा आणि शेवटी साडेसात लाख. दुकान मालाने भरलेले दिसत होते आणि बँकेच्या लेखी पात्रता दीड लाखाने घटली असती. ज्या मालाचे पैसे दिलेले नाहीत तो बँक आपला मानत नाही. अब्बा हे ऐकून म्हणाले, "बरोबर आहे त्यांचे. तो शेठजींचाच माल आहे, फक्त माझ्या खोलीत ठेवलेला."

पुढचे तीन दिवस काय करायचे हा प्रश्न होता. बाजारात रोजच्या हप्त्याने पैसे देणारे आहेत. एकाने दुसऱ्याच दिवशी येऊन विचारले. नव्वद हजार हातात द्यायचे आणि रोज हजार याप्रमाणे शंभर दिवस वसूल करायचे. "दहा हजारच तर जास्त," असे तो म्हणतो. पण नव्वद हजार आपल्याकडे शंभर दिवस राहत नाहीत. दुसऱ्या दिवसापासूनच परत जायला लागतात, सरासरीने निम्मेच आपल्या वापरात असतात. वर्षाचा दर काढला तर तो पंचाहत्तर टक्क्यांच्या पुढे जातो. आम्हाला पाच लाख कमी पडत होते, म्हणजे रोज साडेपाच हजारांहून अधिक हप्ता. ईदनंतरच्या सुस्त महिन्यात दुकानाची रोख विक्री तो हप्ता देऊन उरली नसती. व्याज घ्यायचे नाही हा प्रश्न बाजूला ठेवला तरी हा रस्ता धंद्याच्या हिशेबातही बसत नव्हता.

दुसरा प्रश्न चेकचा. शेठजींनी चेक टाकला असता आणि तो पैशाअभावी परतला असता, तर परक्राम्य लेख कायद्याच्या १३८ व्या कलमाखाली तो गुन्हा ठरू शकतो. चेक परतल्याची माहिती मिळाल्यापासून तीस दिवसांत समोरचा नोटीस देऊ शकतो आणि नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तर फिर्याद करू शकतो. पण कायद्याच्या आधी बाजार निकाल देतो. एक चेक परतला की ती बातमी ट्रान्सपोर्टच्या गाडीच्या आधी पोहोचते आणि सुरतेचा व्यापारीही पुढचा गठ्ठा पाठवताना थबकतो. नेहमीच्या नऊ लाखांची मुदत बंद झाली असती तर आमचे चालते दुकानही अडले असते. म्हणून चेक बँकेत जाण्याआधी बोलणे गरजेचे होते.

त्या रात्री तरावीहनंतर अब्बांनी शेठजींना फोन लावला. मी शेजारी बसले होते. आढेवेढे न घेता त्यांनी सांगितले, "शेठजी, नऊ लाख अठ्ठावीसला होत नाहीत. चार लाख नक्की होतात. चेक टाकू नका, मी चार लाख त्याच दिवशी बँकेतून पाठवतो. बाकीचे कसे करायचे ते ठरवू." शेठजी रागावले नाहीत, पण त्यांचे बोलणे मला आठवते. ते म्हणाले, "भाई, तुमचा माल विकला गेला नाही हे मला समजते. पण माझ्या कापडवाल्याला माझा माल विकला की नाही याच्याशी देणेघेणे नाही. धुलाईवाल्याला पैसे द्यायचे आहेत. कारागीर ईदला गावी निघालेत, त्यांचा हिशेब चुकता केल्याशिवाय त्यांना कसे पाठवू?"

त्यानंतर अब्बांचा चेहरा उतरला. आपल्या अडकलेल्या पैशावर शिवणयंत्रावर बसलेल्या कुणाची तरी ईद अवलंबून आहे, हे वहीत कुठे लिहिलेले नसते. ऐपत असताना दुसऱ्याचे देणे लांबवणे हा जुलूम आहे, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. इथे कागदावर ऐपत होती आणि हातात नव्हती. अब्बांनी विचारले, "माल परत घ्याल का?" शेठजी थोडे थांबून म्हणाले, "न फोडलेले सेट असतील तर आणि आत्ता पाठवलेत तरच. भिवंडीचा एक जण मागतोय. ईदनंतर मला त्याचा उपयोग नाही."

या एका वाक्यात कपड्याच्या धंद्याचे बरेच शहाणपण आहे. सेट फुटला, मधले ३० आणि ३२ विकले गेले आणि २८ आणि ३६ उरले, की तो माल कारखान्याला नको असतो. कारण पुढचा दुकानदारही पूर्ण सेटच मागतो. आणि हंगामाच्या आत परत गेलेला माल दुसरीकडे विकला जातो. हंगामानंतर परत गेलेला फक्त एका गोदामातून दुसऱ्या गोदामात जातो. परत करायचा विचार पंधरा दिवसांनी सुचला असता तर त्याला काही किंमत नव्हती. रात्रीच मागच्या खोलीत मोजणी केली. नव्वद सेट अजून दोरी न सोडलेले होते. साडेचारशे नग, सुमारे दोन लाखांचा माल. सकाळच्या ट्रान्सपोर्टने तो भिवंडीला रवाना झाला आणि शेठजींनी आमच्या बिलातून तेवढी रक्कम वजा केल्याची नोट पाठवली.

२८ मार्चला चार लाख गेले. राहिले तीन. अब्बा स्वतः मोटारसायकलवरून रोजा ठेवून जत आणि कवठेमहांकाळला गेले. ज्यांनी जीन्स उधारीवर नेली होती त्यांच्याकडे. कुणाचा माल विकला गेला होता आणि पैसे दुसऱ्या कामात गेले होते, कुणाचा तसाच पडून होता. पडलेला माल ते परत घेऊन आले, कारण शेवटच्या दहा दिवसांत तो मिरजेत रोखीने विकता येणार होता. वसुली एक लाखाची झाली आणि ती ४ एप्रिलला शेठजींना गेली. कारागिरांचा हिशेब त्यांनी आधीच चुकता केला होता, असे त्यांनी सांगितले, थोडे आपल्या खिशातले घालून. बाकीचे दोन लाख चाँदरातीपर्यंतच्या विक्रीतून उभे राहिले. एक लाख ८ एप्रिलला, एक लाख १५ एप्रिलला. मूळ तारखेपासून अठरा दिवस उशिरा खाते पूर्ण झाले आणि शेठजींनी तो चेक परत पाठवला.

उशिराचे अठरा दिवस कायद्याच्या दृष्टीने काय होते, हेही सांगते. शेठजींचा कारखाना उद्यम नोंदणी असलेला लघुउद्योग आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार अशा उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत द्यावे लागतात. दिवस माल मिळाल्यापासून मोजायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागू होते. तेव्हा बँक दर पावणेसात टक्के होता, म्हणजे वर्षाला सव्वावीस टक्के. शेठजींनी ते मागितले नाही, ही त्यांची भलाई. त्याच वर्षापासून आयकर कायद्यात ४३ब कलमाचे नवे पोटकलम लागू झाले होते आणि कापड बाजारात सगळीकडे त्याचीच चर्चा होती. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे मुदत उलटलेले देणे ३१ मार्चला बाकी असेल तर त्या वर्षी त्या खरेदीची वजावट मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळते. आमचे तीन लाख असेच त्या वर्षीच्या उत्पन्नात धरले गेले. न झालेल्या नफ्यावरचा कर आधी भरावा लागला. पुरवठादार उत्पादक नसून निव्वळ व्यापारी असेल तर या दोन्ही तरतुदी लागू होत नाहीत. जे अंदाजित उत्पन्नाच्या योजनेखाली विवरण भरतात त्यांनी आपल्या सल्लागाराला विचारून घ्यावे.

ईद झाल्यावर मी एक हिशेब केला, तो अब्बांनी गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवला आहे. हंगामाचा जादा माल किती घ्यावा? आमच्या अनुभवाने पंचेचाळीसाव्या दिवशी नऊ लाखांतले दोनच लाख रोख हातात होते, म्हणजे शंभरातले बावीस. बाकीचे अठ्ठ्याहत्तर मोकळ्या भांडवलातून द्यावे लागतात. मोकळे भांडवल दोन लाख. या हिशेबाने ईदच्या बऱ्याच आधी येणारा जादा माल अडीच लाखांचाच घेता येतो. नेमका तेवढाच, जेवढा अब्बा दहा वर्षे अंदाजाने घेत आले होते. त्यांच्या अंदाजामागे हिशेब होता, फक्त तो मांडलेला नव्हता, आणि नगामागच्या पंधरा रुपयांनी तो एका वर्षापुरता झाकला गेला.

पण याला एक पुस्तीही आहे. रक्कम तीच ठेवून तारीख बदलली तर मर्यादा बदलते. तोच माल १२ फेब्रुवारीऐवजी १ मार्चला आला असता तर देणे १५ एप्रिलला, ईदनंतर आले असते. म्हणून आता अब्बा हंगामाचा माल दोन खेपांत मागवतात. पहिली खेप अडीच लाखांच्या आत, नमुन्यादाखल आणि गावच्या दुकानदारांसाठी. दुसरी अशा तारखेला की तिचे पंचेचाळीस दिवस ईदच्या पुढे जातील. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे ही तारीख दरवर्षी नव्याने काढावी लागते. २०२५ मध्ये ईद ३१ मार्चला होती, म्हणून दुसरी खेप १५ फेब्रुवारीच्या आधी पाठवू नका, असे अब्बांनी शेठजींना जानेवारीतच सांगितले. शेठजींनी सवलत पंधराऐवजी सहा रुपयांची दिली. अब्बांनी ती हसत घेतली. त्या वर्षी चार लाखांचा माल आला आणि पैसे वेळेवर गेले. शेवटच्या दोन दिवसांत ३२ कंबरेची जीन्स संपली आणि काही गिऱ्हाइके परतली, पण तो तोटा सोसण्यासारखा होता.

वहीतही एक बदल झाला. पूर्वी देण्याच्या पानावर नाव आणि रक्कम असे. आता तिसरा रकाना आहे, देय तारखेचा, आणि त्याच तारखेपर्यंत कोणते येणे हातात येईल ते समोरच्या पानावर. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोन्ही पाने पुढच्या साठ दिवसांपर्यंत जुळवतो. एखाद्या आठवड्यात देणे जास्त आणि येणे कमी दिसले तर फोन तेव्हाच जातो, चेकच्या तीन दिवस आधी नाही.

गावच्या दुकानदारांची उधारी मात्र अजून हवी तशी आटोक्यात आलेली नाही. मुदतीचे देणे लिहून ठेवावे हे सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत इतक्या तपशिलाने सांगितले आहे, तरी मागच्या खोलीतला व्यवहार "ईदनंतर देतो" एवढ्यावरच चालत होता. आता प्रत्येक उधारीवर तारीख लिहून सही घेतली जाते. दोघा-तिघा जुन्या गिऱ्हाइकांना ते आवडले नाही आणि ते दुसरीकडे गेले. जे राहिले त्यांची वसुली साठ दिवसांवरून पन्नासच्या आसपास आली आहे. निम्म्या विक्रीवरचे दहा दिवस म्हणजे एकूण विक्रीवरचे पाच आणि दिवसाला वीस हजार या दराने एक लाख रुपये मोकळे. एवढी रक्कम बाहेरून आणायची म्हटली असती तर किती जणांपुढे हात पसरावे लागले असते, असे अम्मी म्हणते. ती आमच्याच माणसांकडे पडून होती.